दोन फुटी भिंत आणि वायफाय : जुन्या घरात नेट आतपर्यंत कसे पोहोचवायचे?

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्न जवळजवळ एकाच साच्याचे असतात. "ओसरीत नेट धावते, माजघरात रांगते आणि मागच्या खोलीत दिसतच नाही. कंपनीला फोन केला तर ते म्हणतात, लाइन चांगली आहे. मग मोठा प्लॅन घ्यावा का? चार अँटेनांचा राउटर आणावा का? उन्हाळ्यात चालणारे वायफाय पावसाळ्यात का रुसते?"

बहुतेक घरांत यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची गरज नसते. तिसऱ्या प्रश्नात मात्र उत्तराची किल्ली आहे. पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती, वर धाबे आणि मागे नव्याने काढलेली स्लॅबची खोली, असे तुमचे घर असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. निर्णय घ्यायला लागेल तेवढेच शास्त्र आधी पाहू आणि मग थेट कामाला लागू.

आधी हे समजून घ्या : नेट हवेतून येते कसे?

रस्त्यावरच्या खांबावरून तुमच्या घरात आलेली फायबरची वायर एका डबीत संपते. तिथून पुढे तुमच्या मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओलहरींचा असतो. आकाशवाणी ऐकताना रेडिओ ज्या जातीच्या लहरी पकडतो, त्याच जातीच्या या लहरी. फक्त कितीतरी आखूड. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातली एक लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे वितीपेक्षा लहान असते. 5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातली लाट त्याच्या निम्म्याहूनही लहान, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास.

राउटर या लाटेची उंची आणि तिची वेळ सेकंदाला लाखो वेळा किंचित बदलतो. प्रत्येक बदल म्हणजे शून्य आणि एकाची एक जुडी. मोबाइल ते बदल ओळखतो आणि त्यातून पुन्हा चित्र, आवाज किंवा मजकूर जुळवतो. लाट ठळक पोहोचली तर एकेका बदलात आठ किंवा त्याहून जास्त आकडे भरता येतात. पुसट पोहोचली तर राउटर आपणहून सावध होतो आणि एका बदलात दोनच, कधी एकच आकडा पाठवतो.

शेतात असेच होते. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण भरभर, हळू आवाजात बोलतो. तोच माणूस पलीकडच्या धुऱ्यावर असला, की एकेक शब्द तोडून, ओरडून सांगावा लागतो. निरोप पोहोचतो, पण वेळ लागतो. म्हणून भिंतीआड गेल्यावर नेट आधी मंदावते आणि बंद पडते ते त्यानंतर. मंद नेट हे पुष्कळदा कमकुवत लाटेचे पहिले लक्षण असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे बोलणे दोन्हीकडून चालते. राउटरचा आवाज साधारणपणे मोठा असतो, तर मोबाइलचा बारीक. त्यामुळे कधी कधी मोबाइलवर वायफायच्या काड्या दिसतात, पण पान उघडत नाही. राउटरचे बोलणे मोबाइलला ऐकू येते, मोबाइलचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नाही.

भिंत लाटेचे काय करते?

लाट भिंतीवर आली, की तिचा काही भाग आरशावरून उजेड परतावा तसा मागे फिरतो. काही भाग भिंतीच्या अंगात शिरतो आणि तिथे उष्णतेत जिरतो. ही उष्णता इतकी नगण्य असते, की हाताला काही जाणवत नाही. उरलेला भाग पलीकडे पोहोचतो.

हे जिरणे वजाबाकीसारखे होत नाही. समजा, भिंतीचा पहिला फूट लाटेची निम्मी ताकद खातो. दुसरा फूट उरलेल्याच्या निम्मे खातो आणि हातात पाव भाग राहतो. अशीच दुसरी दोन फुटी भिंत आडवी आली, की सोळावा भाग उरतो. दुसऱ्या भिंतीपलीकडे वायफाय एकदम कोसळल्यासारखे वाटते ते यामुळे.

पण जाडी ही अर्धीच गोष्ट. खरा खादाड म्हणजे पाणी. पाण्याचे कण या लहरींच्या तालावर हलू पाहतात आणि लाटेची ताकद गिळतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने (आयटीयू) वेगवेगळ्या साहित्यांत लाट किती जिरते याची सूत्रे दिली आहेत. 2.4 गिगाहर्ट्‌झसाठी त्यांवरून हिशेब केला, तर चित्र असे दिसते :

- नऊ इंची विटांची भिंत : सुमारे 5 ते 7 डेसिबल घट.
- पाच इंची काँक्रीट स्लॅब : सुमारे 6 ते 8 डेसिबल, 5 गिगाहर्ट्‌झला त्याच्या दुपटीच्या आसपास. आतल्या सळयांमुळे होणारी घट वेगळी.
- दोन फूट माती, अगदी कोरडीठाक : जेमतेम एक डेसिबल.
- दोन फूट माती, मध्यम ओलीची : 35 डेसिबलच्या पुढे.

डेसिबल हा घट मोजायचा आकडा आहे. 3 डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी, 10 म्हणजे दहावा भाग, 20 म्हणजे शंभरावा भाग. आता शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. माती तीच, जाडी तीच. फरक फक्त ओलीचा. हे आकडे जमिनीच्या मातीचे आहेत आणि घराची भिंत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. मे महिन्यात वाळून खडखडीत झालेली भिंत लाटेला वाट देते. श्रावणात खालून ओल चढलेली तीच भिंत वाट अडवते. पावसाळ्यात वायफाय रुसते याचे हे कारण. त्यात राउटर बिघडलेला नसतो आणि बहुतेक वेळा कंपनीचाही दोष नसतो.

दुसरा अडथळा लोखंडाचा. धातूच्या पत्र्यातून ही लाट जातच नाही, ती मागे फिरते. जाळीही पत्र्यासारखीच वागते, कारण तिची भोके साडेबारा सेंटिमीटरच्या लाटेपेक्षा फारच लहान असतात. म्हणून खिडकीची लोखंडी मच्छरजाळी, गिलाव्यातली कोंबडीजाळी, टिनपत्र्याचे छत आणि धान्याची पत्र्याची कोठी हे सगळे लाटेच्या वाटेतले अडसर आहेत.

पायरी 1 : दोष भिंतीचा की लाइनचा, हे आधी ठरवा

ही तपासणी न करता पैसे खर्च करू नका. दहा मिनिटांचे काम आहे.

1. राउटरपासून पाच-सहा फुटांवर, मध्ये काही आडवे न ठेवता उभे राहा. मोबाइल डेटा बंद करा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या.
2. शक्य असेल तर लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडून हीच टेस्ट घ्या. हे मोजमाप सर्वांत भरवशाचे, कारण त्यात हवा आणि भिंत दोन्ही नसतात.
3. मग ज्या खोलीत अडचण आहे, तिथे जाऊन टेस्ट घ्या.

राउटरजवळही वेग प्लॅनपेक्षा फारच कमी आला, तर दोष लाइनचा किंवा यंत्राचा आहे. डबीवर LOS असे लिहिलेला दिवा लाल लागला असेल, तर फायबरमधून उजेडच येत नाही. तक्रार लगेच नोंदवा. राउटरजवळ वेग भरपूर आणि आत गेल्यावर कमी, असे असेल तर दोष भिंतीचा आहे. अशा वेळी 50 चा प्लॅन 200 चा केला, तरी मागच्या खोलीत फरक पडणार नाही. विहिरीला पाणी वाढवून फुटका पाइप दुरुस्त होत नाही.

पायरी 2 : प्रत्येक खोलीचा आकडा लिहून काढा

मोबाइलच्या काड्यांवर विसंबू नका; प्रत्येक कंपनीच्या काड्या वेगळ्या मापाच्या असतात. वायफायची ताकद dBm मध्ये दाखवणारे मोफत अॅप अँड्रॉइड फोनवर मिळते. त्यातला आकडा उणे असतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितकी लाट ठळक.

- -30 ते -60 : उत्तम. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, सगळे चालते.
- -60 ते -67 : चांगले. व्हिडिओ अडत नाही.
- -68 ते -75 : मेसेज, पाने चालतात, व्हिडिओ अडखळतो.
- -80 च्या पलीकडे : नाव दिसते, काम होत नाही.

विंडोज लॅपटॉप असेल, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ टाका :

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Signal` समोर टक्के दिसतात. 100 टक्के म्हणजे -50 किंवा त्याहून चांगले, 60 टक्के म्हणजे सुमारे -70. एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा आणि खोलीखोलीचा आकडा लिहा. दारे उघडी ठेवून एकदा आणि लावून एकदा मोजा. पत्रा ठोकलेले दार असेल, तर फरक पाहून तुम्हीच चकित व्हाल.

एक घर हिशेबाला घेऊ

मेहकर किंवा देऊळगाव राजाकडच्या खेड्यात शोभेल असे एक घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी अभ्यासाची खोली. ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत अंतर 10 मीटर, वाटेत मातीच्या दोन जाड भिंती. राउटर ओसरीतल्या देवळीत ठेवला आहे, कारण लाइनमनने वायर तिथवरच आणली.

राउटरची ताकद साधारण 100 मिलिवॉट, म्हणजे +20 dBm धरू. मोकळ्या जागेत 2.4 गिगाहर्ट्‌झची लाट 10 मीटरवर सुमारे 60 डेसिबलने विरळ होते. म्हणजे भिंती नसत्या, तर मागच्या खोलीत -40 मिळाले असते. नुसत्या अंतराची फारशी अडचण नाही.

आता भिंती धरा. मे महिन्यात कोरडी भिंत समजा प्रत्येकी 10 डेसिबल खाते. -40 मधून 20 गेले, उरले -60. मुलाचा ऑनलाइन वर्ग सुरळीत चालतो. ऑगस्टमध्ये ओल चढली आणि तीच भिंत प्रत्येकी 22 खाऊ लागली. -40 मधून 44 गेले, उरले -84. मे आणि ऑगस्ट यांत 24 डेसिबलचा फरक पडला, म्हणजे ताकद सुमारे अडीचशे पटींनी घटली. वर्ग बंद पडला. कंपनीला फोन केला, माणूस आला, त्याने ओसरीत टेस्ट घेतली आणि "लाइन ओके" म्हणून निघून गेला. त्याच्या बाजूने तो खरे बोलला.

हाच मुलगा 5 गिगाहर्ट्‌झवर असता, तर त्याची अवस्था मे महिन्यातही बिकट झाली असती. ही लाट तेवढ्याच अंतरात आणखी 7 डेसिबलने विरळ होते आणि ओलसर माती तिला कितीतरी जास्त खाते.

उपाय काय? राउटर देवळीतून काढून माजघरात, दाराच्या रेषेत ठेवला, तर वाटेत एकच भिंत उरते आणि अंतर 6 मीटरवर येते. 6 मीटरला घट सुमारे 56. म्हणजे -36 मधून एका ओल्या भिंतीचे 22 गेले आणि ऑगस्टमध्येही -58 हाती आले. खर्च फक्त जादा वायरचा.

पायरी 3 : राउटरची जागा बदला

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच. तो करताना हे पाहा :

- देवळीत किंवा कोनाड्यात राउटर ठेवू नका. दिसायला ती जागा नेमकी वाटते, पण तिथे तिन्ही बाजूंनी माती असते. लाटेला समोरची एकच दिशा मोकळी मिळते.
- दारांची रेष शोधा. जुन्या घरांत पुष्कळदा पुढच्या दारातून परसदार दिसते. त्या रेषेत ठेवलेल्या राउटरची लाट भिंती टाळून दारातून आत जाते.
- उंचावर ठेवा. माणसाच्या डोक्याच्या वर, खुंटीच्या उंचीला. भिंतीचा जोत्याकडचा भाग सर्वांत ओला असतो आणि घरातले सामानही खालीच असते. आपले शरीरही बहुतांश पाण्याचे आहे. माणसांनी भरलेल्या खोलीत लाट जिरते.
- कूलर, फ्रिज, लोखंडी कपाट आणि कोठी यांच्यामागे ठेवू नका. कूलर म्हणजे पत्रा आणि पाणी, दोन्ही एकाच पेटीत. दारात कूलर लावला आणि नेट गेले, अशी तक्रार असेल तर कूलर दुसऱ्या खिडकीत हलवून पुन्हा मोजा.
- अँटेना उभ्या ठेवा, वरच्या मजल्यासाठी एक आडवी करा. उभ्या अँटेनाची लाट चहूबाजूंना पसरते. तिच्या शेंड्याच्या आणि बुडाच्या दिशेने फार थोडी जाते.

फायबरची वायर स्वतः ओढू किंवा घट्ट दुमडू नका. आत काचेचा तंतू असतो. काटकोनात दुमडला तर तो तुटतो किंवा उजेड गळतो. डबी हलवायची असेल तर लाइनमनला बोलवा. डबी जागीच ठेवून तिथून लॅन वायरने आत दुसरा राउटर लावणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

पायरी 4 : दोन पट्ट्यांपैकी योग्य तो निवडा

नव्या राउटरवर बहुधा दोन नावे दिसतात. एकाच्या शेवटी `_5G` असते. पुष्कळ वाचकांना वाटते, की हे मोबाइलचे फाइव्ह जी आहे. तसे नाही. मोबाइलमधला जी म्हणजे पिढी. वायफायच्या नावातला जी म्हणजे 5 गिगाहर्ट्‌झ. त्या नावासाठी नवा मोबाइल किंवा नवे सिम घ्यायची गरज नाही.

- राउटर आणि तुम्ही एकाच खोलीत असाल, तर 5 गिगाहर्ट्‌झ घ्या. वेग जास्त आणि शेजाऱ्यांची गर्दी कमी.
- मध्ये मातीची किंवा दगडाची भिंत असेल, तर 2.4 गिगाहर्ट्‌झ घ्या. वेग कमी, पण लाट पोहोचते.
- फोन आपोआप पट्टा निवडत असेल आणि भिंतीआड अडखळत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या आणि मागच्या खोलीतल्या फोनवर 2.4 चे नाव जोडा.

पायरी 5 : तरीही पोहोचत नसेल, तर तीन पर्याय

पहिला, वायर आणि दुसरा राउटर. जाड भिंतींच्या घरात माझा कौल यालाच आहे. लाटेला भिंत फोडायला लावण्यापेक्षा वायरने भिंत ओलांडावी आणि पलीकडे नवी लाट सुरू करावी. लॅन वायर 100 मीटरपर्यंत चालते. मातीच्या भिंतीला ड्रिल मारून भोके पाडू नका. माती सुटत जाते आणि भोकातून पाणी शिरते. चौकटीच्या कडेची फट, वायरमनने लाइटच्या वायरसाठी आधीच केलेली वाट किंवा धाब्यातले साणे वापरा. लाइटच्या वायरला चिकटून मात्र लॅन वायर नेऊ नका.

घरात जुना राउटर पडून असेल, तर तोच वापरता येतो :

1. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता बदला. मुख्य राउटर `192.168.1.1` असेल, तर याला `192.168.1.2` द्या.
2. त्यातली `DHCP` ही सोय बंद करा. ती दोन्हीकडे चालू राहिली, तर दोघेही पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो.
3. मुख्य राउटरकडून आलेली वायर याच्या `WAN` मध्ये न लावता `LAN` मध्ये लावा.
4. वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा. 2.4 च्या पट्ट्यात एकाला चॅनल 1 आणि दुसऱ्याला 6 किंवा 11 द्या, म्हणजे दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळणार नाही.

दुसरा, मेश. दोन-तीन डब्यांचा हा संच आपसात बोलतो. वायर ओढणे शक्यच नसेल, तर उपयोगी. पण त्या डब्यांनाही भिंत ओलांडावीच लागते. म्हणून दारांच्या रेषेत, एकमेकांना 'दिसतील' अशा जागी त्या ठेवा.

तिसरा, रिपीटर किंवा एक्स्टेंडर. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीच्या जागी लावला जाणारा. लोक तो नेट नसलेल्या खोलीत लावतात. तिथे त्याला काही ऐकूच येत नाही, मग तो पुढे काय सांगणार? ज्या जागी मोबाइल -60 ते -65 दाखवतो, तिथे तो लावा. साधा रिपीटर ऐकणे आणि सांगणे एकाच पट्ट्यात करत असेल, तर वेग जवळजवळ निम्मा होतो, हेही धरून चाला.

या चुका टाळा

- "जास्त डीबीआयची अँटेना म्हणजे जास्त ताकद." अँटेना ताकद निर्माण करत नाही, ती आहे त्या ताकदीला आकार देते. पिठाचा गोळा थापला, की भाकरी रुंद होते, पण पीठ वाढत नाही. जाडी कमी होते. अशी अँटेना बाजूला लांब पोहोचते, पण वरच्या मजल्यावर कमी.
- मोबाइल सिग्नलचा बूस्टर. ऑनलाइन मिळणारे हे यंत्र वायफायच्या रिपीटरपेक्षा वेगळे. ते परवानगीशिवाय बसवणे बेकायदा आहे आणि त्यामुळे आसपासच्या टॉवरचे काम बिघडते. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 मध्ये आणि 5 गिगाहर्ट्‌झचा विस्तारित पट्टा 2018 मध्ये सरकारने ठरावीक ताकदीपर्यंत विनापरवाना खुला केला. म्हणून वायफायच्या राउटरला परवाना लागत नाही. मोबाइलच्या पट्ट्यांना ही सूट नाही.
- घरात मोबाइलची रेंज नाही म्हणून बूस्टर शोधणे. टॉवरची लाटही याच भिंतीत जिरते. घरात वायफाय असेल, तर फोनच्या सेटिंगमधले 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. तुमच्या सिमला आणि फोनला ती सोय असेल, तर कॉल वायफायवरून जातो.
- गच्चीवरून दोन घरांमध्ये तांब्याची वायर टाकणे. पावसाळ्यात वीज जवळपास पडली, तरी त्या वायरमधून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. दोन इमारती जोडायच्या असतील, तर फायबर घ्या. गडगडाट सुरू झाला, की राउटरचा प्लग काढा.
- वायफायसाठी भिंत पाडणे किंवा सिमेंटने लिंपणे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, की आतली ओल बाहेर पडत नाही. ओल कमी करायची असेल, तर पन्हळ दुरुस्त करा आणि जोत्याजवळ साचणारे पाणी दूर काढा. भिंत टिकेल, लाटही सुटेल.

तुमचा हक्क कुठे सुरू होतो?

प्लॅनमधला वेग तुमच्या डबीपर्यंत आणून देणे ही कंपनीची जबाबदारी. भिंतीपलीकडचा वेग ही तुमची व्यवस्था. म्हणून तक्रार करण्याआधी लॅन वायरने घेतलेल्या टेस्टचे, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. "आतल्या खोलीत नेट नाही" अशा तक्रारीला कंपनी सहज उत्तर देते. "वायरने जोडूनही वेग इतकाच येतो" या तक्रारीला तिला तपास करावा लागतो.

वायरवरही वेग येत नसेल, तर क्रमाने जा :

1. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रावर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक लिहून घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रार नव्हे.
2. निवारण झाले नाही किंवा पटले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. याला शुल्क नाही. डॉकेट क्रमांक इथे लागतो.
3. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सल्ला आणि मदत मिळते.
4. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीचे शुल्क नाही. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

नवी जोडणी घ्यायची असेल, तर सर्वांत मोलाचा हक्क जोडणीच्या दिवशीच वापरा. लाइनमन वायर ओसरीत सोडून निघू लागला, की त्याला थांबवा आणि घराच्या मध्यावर, दारांच्या रेषेत, उंचावर डबी बसवायला सांगा. जादा वायरचे पैसे आधी विचारून घ्या. त्या दिवशी लागणारी दहा-पंधरा मीटर वायर पुढच्या दोन-तीन यंत्रांचा खर्च वाचवते.

आणि मोजायचे असेल, तर पावसाळ्यात मोजा. मे महिन्यात नीट चालणारी व्यवस्था ऑगस्टमध्ये कोलमडू शकते. ऑगस्टमध्ये मागच्या खोलीत -65 दाखवणारी व्यवस्था मात्र वर्षभर चालेल.